मोडी दस्ताचे एकत्र आलेले फोटो: पानांचा क्रम आणि ओळींचा पत्ता

प्रश्न: आजोबांच्या पेटीत मोडीतलं एक जुनं खरेदीखत सापडलं. काकांनी गावाहून व्हॉट्सॲपवर त्याचे अकरा फोटो एकदम पाठवले. कुठलं पान पहिलं, कुठलं दुसरं, तेच कळत नाही, काही फोटो अर्ध्या पानाचे आहेत. माझे चुलत भाऊ इंदूरला असतात, त्यांना हिंदी भाषांतर लागेल. भाषांतरातली कुठली ओळ कुठल्या फोटोतली, हे शेवटपर्यंत नीट कळत राहील असं काम कसं करावं?

उत्तर:

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. फोटोचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक हे दोन वेगळे क्रमांक आहेत आणि ते कधीही एकत्र करायचे नाहीत. फोटोचा क्रमांक हे नुसतं नाव आहे. फोटो हाती आला त्या क्षणी तो द्यायचा आणि पुन्हा बदलायचा नाही. पानाचा क्रम मात्र आपण वाचून, ताडून ठरवतो, म्हणजे तो आपला निष्कर्ष असतो आणि काम पुढे सरकेल तसा बदलूही शकतो. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. दोन पानं पाहिल्यावर क्रम कळला असं वाटतं, लगेच फाइलींना ‘पान १’, ‘पान २’ अशी नावं दिली जातात, आणि चौथ्या फोटोत कळतं की ‘पान २’ खरं तर तिसरं होतं. मग नावं बदलायची, भाषांतरातले उल्लेख बदलायचे, आणि त्यात एखादा उल्लेख जुनाच राहतो. तो एक उल्लेख पुढे वकिलांच्या हाती चुकीचा जातो.

म्हणून सुरुवात अशी करा. व्हॉट्सॲपच्या संभाषणात फोटो ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने ते संगणकावर उतरवा आणि प्रत्येक फाइलीच्या मूळ नावाआधी क्रमांक जोडा. मूळ नाव पुसू नका.

```
01_IMG-20240611-WA0012.jpg
02_IMG-20240611-WA0013.jpg
```

या नावातला WA च्या पुढचा आकडा पानाचा क्रम सांगतो अशी अनेकांची समजूत असते. तो आकडा फोटो ज्या फोनवर उतरतो त्या फोनने त्या दिवशी दिलेला असतो. काकांच्या फोनवर आणि तुमच्या फोनवर एकाच फोटोचे आकडे वेगळे असतील, त्यामुळे फोनवर बोलताना ‘बारा नंबरचा फोटो’ म्हणालात तर दोघं दोन वेगळे कागद बघत असाल. संगणकावरच्या व्हॉट्सॲपमधून उतरवलेल्या फोटोंना तारीख-वेळेचं नाव मिळतं आणि वेळ सारखी आली तर पुढे कंसात (1), (2) लागतं. ते कंसातले आकडेही पानाचे नव्हेत. एक अंकी क्रमांकाआधी शून्य लावा, 1 ऐवजी 01, नाहीतर बऱ्याच ठिकाणी 10 हा 2 च्या आधी येऊन बसतो.

शक्य असेल तर काकांना तेच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. एरवी पाठवताना व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि तो काढल्याची वेळ त्यातून निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते, अक्षर स्पष्ट राहतं आणि फोटो कोणत्या क्रमाने काढले तेही दिसतं. काढण्याचा क्रम हा पानांच्या क्रमाचा पुरावा नव्हे, पण एकाच पानाचे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो बहुधा लागोपाठ काढलेले असतात, आणि त्या जोड्या जुळवायला ही वेळ फार उपयोगी पडते.

आता पानं ओळखण्याचं काम. इथे मी माझ्याकडे आलेला एक संच उघडून दाखवतो, कारण त्यात तुम्हाला येतील त्या बहुतेक अडचणी होत्या. इंग्रजी अमलातलं खरेदीखत, नऊ फोटो. वाचून झाल्यावर कळलं की मूळ दस्त तीन बंदांचा, म्हणजे तीन सुट्या कागदांचा आहे, मजकूर पुढच्या बाजूला आणि मागे कचेरीचे शेरे. फोटो क्रमांक ०१ ला फ०१ म्हटलं तर फोटोंचा हिशोब असा निघाला: फ०१ हा मुद्रांकाच्या पहिल्या बंदाचा वरचा भाग आणि फ०५ त्याच बंदाचा खालचा भाग. फ०२ हा शेवटचा बंद, सह्या-निशाण्यांचा. फ०३ पुन्हा तोच, पण हललेला. फ०४, फ०६ आणि फ०९ या तीन पाठी. फ०८ हा दुसरा बंद, उलटा धरून काढलेला. फ०७ वेगळ्याच हाताची, सारा भरल्याची पावती. पेटीत ती दस्ताच्या घडीत असल्यामुळे तिचाही फोटो काढला गेला होता.

हा हिशोब नुसता पाहून लागत नाही. मोडी सलग लिहिली जाते. शब्दांमध्ये जागा सुटत नाही, वाक्याला पूर्णविराम नसतो आणि ओळ संपली की शब्द मधेच तुटून पुढच्या ओळीवर जातो. वाचणाऱ्याला हा त्रास वाटतो, पण क्रम लावताना याच तुटलेल्या शब्दांचा आधार मिळतो. या संचात फ०५ ची शेवटची ओळ ‘सदरहू जमिनीची चतुःसीमा येणेप्रमाणे पूर्वे’ इथे तुटली होती आणि फ०८ ची पहिली ओळ ‘स गावचा ओढा’ अशी सुरू होत होती. ‘पूर्वे’ आणि ‘स’ जुळले, पहिला बंद दुसऱ्याला जोडला गेला.

दुसरा सांधा याहून पक्का होता. जुन्या दस्तांत रक्कम कोणी नंतर बदलू नये म्हणून तिची निम्मी रक्कमही लिहीत. फ०८ चा शेवट ‘रुपये दोनशे पन्नास निमे’ असा होता आणि फ०२ ची सुरुवात ‘रुपये एकशे पंचवीस’ अशी. अडीचशेचे निमे सव्वाशे. असा सांधा मिळाला की त्या दोन पानांमध्ये तिसरं पान असण्याचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या अकरा फोटोंत आधी प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ तेवढी वाचून घ्या, एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि सांधे जुळवा. पूर्ण वाचन त्यानंतर.

सांधा ‘पूर्वे–स’ इतका स्पष्ट नसेल तेव्हा दस्ताचा सांगाडा कामी येतो. खरेदीखतात साधारण आधी तारीख, मग लिहून घेणार आणि लिहून देणार, मग ‘कारणे खरेदीखत लिहून दिले ऐसे जे’, मग जमिनीचं वर्णन, चतुःसीमा, किंमत, ‘कोणी हिस्सेदार उभा राहिल्यास आम्ही निवारण करू’ अशा धाटणीची हमी, आणि शेवटी सह्या व साक्षी. पण सांगाड्यावर एकट्याने विसंबू नका. किंमत चतुःसीमेच्या आधी आलेले दस्तही भरपूर असतात. सांगाडा शंका दाखवतो, निर्णय सांध्याने होतो.

पाठी जुळवायला मजकुराची फार मदत होत नाही, कागदाची होते. कागद उलटला की उजवं डावं होतं. पुढच्या बाजूला उजव्या काठाशी कसरीने खाल्लेलं भोक असेल तर त्याच कागदाच्या पाठीवर ते डाव्या काठाशी, तेवढ्याच उंचीवर दिसतं. शाई पाझरलेली असेल तर पाठीवर पुढच्या ओळी आरशातल्यासारख्या उलट्या दिसतात. फोटो संगणकावर आडवा उलटवून पाहिला तर त्यातली एखादी ठळक जागा, लांब ओढलेली रेघ किंवा शाईचा डाग, पुढच्या बाजूशी ताडता येते. भोकांचा आणखी एक उपयोग आहे. कीड एकावर एक ठेवलेल्या कागदांतून आरपार जाते, त्यामुळे शेजारच्या बंदांवर भोकं एकाच जागी असतात आणि हळूहळू लहान होत जातात. फ०७ ची पावती दस्ताचा भाग नाही ही शंका आधी यावरूनच आली. तिच्यावर एकही भोक त्या जागी नव्हतं, घड्याही निराळ्या होत्या. हात वेगळा हे नंतर दिसलं.

पाठ कोरी असली तरी तिची नोंद करा. फ०९ वर नुसता पाझर होता, एक अक्षरही नव्हतं. ‘बंद २, पाठ, कोरी’ असं लिहिलं नाही तर पुढे कोणीतरी विचारतं की दुसऱ्या बंदाच्या मागे काय होतं, आणि उत्तर द्यायला पुन्हा पेटी उघडावी लागते.

पाठीवरच्या शेऱ्यांत एक फसवी जागा आहे, ती सांगून ठेवतो. नोंदणी कचेरीच्या शेऱ्यात दस्ताचा नंबर, ‘बुक नंबर १’ आणि पुढे पानांचे आकडे असतात. या संचात फ०६ वर ‘२१३ ते २१५’ असे होते. पाहणाऱ्याला ते दस्ताच्या पानांचे क्रमांक वाटतात, आणि तीन बंद आहेत म्हटल्यावर खात्रीच पटते. पण ते कचेरीच्या नोंदवहीतल्या पानांचे आकडे आहेत, जिथे या दस्ताची नक्कल उतरवलेली असते. स्थावर मिळकतीचे दस्त बुक १ मध्ये जातात. हे आकडे क्रम लावायला वापरू नका, पण अगदी जपून उतरवून ठेवा. ते का, ते शेवटी सांगतो. तुमच्याकडे कधी अलीकडचा दस्त आला तर तिथे उलट आहे. अलीकडे दुय्यम निबंधक कार्यालय प्रत्येक पानावर शिक्का मारतं आणि त्यात दस्त क्रमांकाबरोबर त्या पानाचा आणि एकूण पानांचा आकडा असतो. तो मात्र खरोखरच पानाचा क्रम.

पानं लागली की ओळींकडे या. ओळ मोजायची ती फोटोवर. पानावरची ओळ मोजत गेलात तर वरचा-खालचा भाग जोडण्यात एका ओळीची गफलत झाली की पुढचे सगळे आकडे सरकतात. फोटोवरची सोळावी ओळ मात्र कायम सोळावीच राहते आणि कोणीही तो फोटो उघडून ती पाहू शकतो. उलटा आलेला फोटो सरळ फिरवून वरून मोजा. समासात काही लिहिलं असेल तर त्याला ओळीचा क्रमांक देऊ नका, ‘स१’, ‘स२’ असं वेगळं चिन्ह द्या. दोन ओळींमध्ये बारीक अक्षरात घुसवलेला मजकूर असेल तर तो ज्या ओळीवर आहे तिचा क्रमांक देऊन ‘वर’ असं लिहा. शेवटी नांगराची निशाणी, बांगडीची निशाणी अशी चित्रं असतात. ती ओळ नव्हे, पण सहीइतकीच महत्त्वाची, म्हणून त्यांना ‘नि१’, ‘नि२’ असे पत्ते द्या आणि शेजारी कोणाचं नाव आहे ते लिहा.

एकाच पानाच्या दोन फोटोंत काही ओळी दोनदा येतात. फ०१ च्या ओळी १५ ते १८ याच फ०५ च्या १ ते ४ होत्या. अशा ओळी एकदाच उतरवायच्या. मी साधारणपणे त्या आधीच्या फोटोच्या नावावर ठेवतो, पण फ०१ ची अठरावी ओळ खालून अर्धी कापली गेली होती आणि मोडीत अक्षराचा खालचा भाग गेला तर वाचनाचा भरवसा राहत नाही. म्हणून फ०१ सतरा ओळींपर्यंत घेतला आणि पुढे फ०५ ची चौथी ओळ सुरू केली. शेऱ्यात लिहिलं: ‘फ०१ ओ१८ = फ०५ ओ४, वाचन फ०५ वरून’. हललेला फ०३ मी वाचला नाही, पण टाकूनही दिला नाही. त्याच्यापुढे ‘फ०२ चीच प्रत, अस्पष्ट’ अशी नोंद आहे. एका कोपऱ्यातलं नाव फ०२ मध्ये बोटाखाली गेलं होतं, ते फ०३ मध्येच दिसत होतं.

यानंतर काम दोन टप्प्यांत करा आणि टप्पे मिसळू नका. पहिला टप्पा लिप्यंतराचा, म्हणजे मोडी मजकूर देवनागरीत उतरवण्याचा. फोटोवरची एक ओळ, तुमच्या तक्त्यातली एक ओळ. शब्द तुटला असेल तर तिथेच तुटू द्या, जोडू नका. न लागलेल्या जागी [वाचता येत नाही], फाटलेल्या जागी [फाटले, अंदाजे ३ अक्षरे], शंका असेल तिथे शब्दापुढे प्रश्नचिन्ह. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, त्यामुळे नावांच्या बाबतीत ही शंका वारंवार येईल. ती लपवू नका.

दुसरा टप्पा भाषांतराचा, आणि इथे ओळीला ओळ हा नियम सोडून द्यायचा. तुटलेल्या अर्ध्या शब्दाचं भाषांतर होत नाही. अर्थ पूर्ण होईल असा तुकडा, म्हणजे एक एकक घ्यायचं, त्याला स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि तो कुठल्या फोटोच्या कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत आहे ते लिहायचं. आमच्या संचातला सांध्याचा भाग असा दिसत होता.

```
एकक | मूळ जागा            | हिंदी
भ११ | फ०५ ओ१७             | उक्त भूमि की चतुःसीमा इस प्रकार है
भ१२ | फ०५ ओ१७ – फ०८ ओ१   | पूर्व में गाँव का नाला
भ१३ | फ०८ ओ१ – ओ२        | पश्चिम में सरकारी रास्ता
भ१४ | फ०८ ओ२             | दक्षिण में सर्वे नंबर ४२
```

भ१२ कडे पाहा. मूळ मजकूर दोन बंदांवर पसरलेला आहे आणि भाषांतर एका ओळीचं आहे, तरी पत्ता शाबूत आहे. बंदाचा क्रमांक या तक्त्यात मुद्दामच नाही. तो फोटोंच्या यादीत एकदाच येतो: फ०५ म्हणजे बंद १, पुढची बाजू, खालचा भाग. उद्या बंदांचा क्रम बदलला तर यादीतली एक नोंद बदलते आणि भाषांतराच्या तक्त्यातल्या एकाही पत्त्याला हात लावावा लागत नाही.

हिंदीत वाक्याची ठेवण मराठीच्या जवळची आहे, त्यामुळे एककं लहान ठेवता येतात. कोणी इंग्रजी मागितलं तर क्रियापद वाक्याच्या सुरुवातीकडे येईल आणि ‘लिहून दिले ऐसे जे’ सारख्या लांबलचक रचनेला सहा-सात ओळींचं एक एकक करावं लागेल. ते करा, पण चतुःसीमा, क्षेत्र, साऱ्याचा आकार आणि रक्कम ही एककं कोणत्याही भाषेत वेगळीच ठेवा. वाद झाला तर बोट याच चार जागांवर ठेवलं जातं, आणि तेव्हा सात ओळींचा पत्ता फारसा उपयोगी पडत नाही.

लिप्यंतरातली शंका भाषांतरात विरघळू देऊ नका. लिप्यंतरात ‘४२?’ असेल तर हिंदीतही ‘४२?’ राहिलं पाहिजे. भाषांतर गुळगुळीत दिसावं म्हणून प्रश्नचिन्ह काढण्याचा मोह होतो, आणि इंदूरला बसून फक्त हिंदी वाचणाऱ्याला तो आकडा पक्का वाटतो.

काम झाल्यावर एकदा उलटं तपासा. भाषांतरातली दहा-बारा एककं मधूनमधून उचला, पत्ता पाहून फोटो उघडा आणि ओळ बोटाने मोजून तिथे तो शब्द आहे का पाहा. मग दुसऱ्या बाजूने, प्रत्येक फोटोची प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या एककात आली आहे का ते बघा. एखादी ओळ कुठेच आली नसेल तर बहुधा ती दोन फोटोंच्या जोडावर हरवलेली असते. ही तपासणी दुसऱ्या माणसाने केली तर उत्तम, आणि त्याला मोडी येण्याची गरज नाही. ओळी मोजता आल्या तरी पुरे.

तुमच्या काकांकडून आणखी फोटो लागतीलच. या वेळी त्यांना सांगा की प्रत्येक कागदाशेजारी एक चिठ्ठी ठेवावी, ‘१ पुढे’, ‘१ मागे’ अशी, आणि ती कागदावर नव्हे, बाजूला. मूळ कागदावर पेन्सिलनेसुद्धा क्रमांक लिहू नये. चारही कडा आणि समास फोटोत यावेत. पान मोठं असेल तर अर्धं-अर्धं काढायला हरकत नाही, पण मधल्या चार ओळी दोन्हींत येऊ द्याव्यात. काकांच्या चिठ्ठीवरचा आकडा हा त्यांचा अंदाज आहे, तो शेऱ्यात ठेवा, यादीत बंदाचा क्रमांक म्हणून थेट उतरवू नका. आणि नव्या फोटोला नवा क्रमांक द्या. तुमचा फ०३ अस्पष्ट होता आणि त्याच पानाचा चांगला फोटो आला तर तो फ१२. जुन्या फ०३ च्या जागी तो घातलात तर आधीच्या वाचनाचे पत्ते आता वेगळ्याच चित्राकडे बोट दाखवतील, कारण नव्या फोटोची चौकट वेगळी आणि ओळींची मोजणीही वेगळी.

फाटलेल्या, न लागलेल्या जागा शेवटी उरतीलच. तिथे मघाचा नोंदणीचा शेरा कामाला येतो. दस्ताचा नंबर, वर्ष, बुक आणि पानं हाती असतील तर संबंधित दुय्यम निबंधक कार्यालयात नकलेसाठी अर्ज करता येतो. जुनी नोंदवही शाबूत असेल तर तिथला मजकूर तुमच्या फाटलेल्या ओळी भरून काढू शकतो. पण नकलेतून आलेला शब्द मूळ कागदावरचा म्हणून लिहू नका. नकलेच्या फोटोंना वेगळी मालिका द्या, न०१, न०२, आणि एककापुढे दोन्ही पत्ते लिहा: ‘फ०८ ओ९ [फाटले], न०२ ओ५ वरून’. नक्कल उतरवणाऱ्या कारकुनाच्या हातूनही अक्षर बदललेलं असू शकतं, म्हणून नकलेच्या ज्या ओळी मूळ फोटोतही स्वच्छ दिसतात त्या आधी एकमेकींशी ताडून पाहा. तिथे दोन्ही वाचनं जुळत गेली तर फाटलेल्या जागीही नकलेवर भरवसा ठेवता येतो. नाहीतर चौकोनी कंस तसाच राहू द्या.